पुन्हा चालवलं, तरी लिटर तेवढेच

एका दूध संघाचा रोजचा हिशेब घेऊ. समजा, संघाची १२० संकलन केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्रावर सकाळ-संध्याकाळ मिळून सरासरी दीडशे पावत्या होतात. पावतीवर सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते. रात्री केंद्रांवरच्या यंत्रांतून या नोंदींच्या फायली मुख्य कार्यालयात येतात. साडेअकराला तिथला एक प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो. संगणक विभागात त्याला ‘जॉब’ म्हणतात. तो सगळ्या फायली वाचतो आणि दिवसाच्या १८,००० नोंदी डेटाबेसमधल्या एका मोठ्या टेबलात भरतो. सकाळचा संकलन रिपोर्ट याच टेबलातून निघतो आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांची बिलंही त्यातूनच निघतात.

१४ जूनच्या रात्री हा जॉब अर्ध्यात बंद पडला असं धरू. एका केंद्राच्या फाइलमध्ये फॅटच्या जागी 4.2 ऐवजी 4..2 असं आलं होतं, तो आकडा डेटाबेसने नाकारला आणि जॉब थांबला. सकाळी ऑपरेटरने चुकीची ओळ दुरुस्त केली आणि जॉब पुन्हा चालवला. या वेळी तो सुरळीत संपला आणि पडद्यावर ‘यशस्वी’ असं आलं. पण जॉब नोंदी हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनी भरत होता आणि प्रत्येक गठ्ठा भरला की तो कायम करत होता. अडचण दुसऱ्या गठ्ठ्यात आली, तोवर पहिल्या हजार नोंदी टेबलात पक्क्या झाल्या होत्या. पुन्हा चालवल्यावर जॉबने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. टेबलात १८,००० ऐवजी १९,००० नोंदी झाल्या.

पावतीमागे सरासरी सहा लिटर धरले, तर १,०८,००० लिटरच्या जागी १,१४,००० लिटर दिसणार. साडेपाच टक्क्यांचा हा फरक सहज खपून जातो, कारण पावसाआधीच्या दिवसांत दूध एवढं वरखाली होतंच. सरासरी फॅट तर जवळजवळ जिथल्या तिथेच राहतो, कारण त्याच नोंदी दोनदा आल्या की लिटरही वाढतात आणि फॅटही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. रिपोर्ट बघणारे आधी सरासरीकडे बघतात आणि सरासरी ठाकठीक असते.

नोंदी केंद्रांच्या क्रमाने भरल्या जात असल्या, तर या जादा हजार नोंदी पहिल्या सहा-सात केंद्रांच्याच असणार. त्या केंद्रांचं कागदावरचं दूध दुप्पट दिसतं, टँकरमध्ये मात्र नेहमीएवढंच पोचलेलं असतं. तूट दिसते, आणि तुटीचा पहिला संशय केंद्र चालवणाऱ्या माणसावर जातो. हे लक्षात यायच्या आत बिलं निघाली, तर शेकडो सभासदांच्या खात्यात एका दिवसाचे पैसे जादा जमा होतात आणि पुढच्या बिलातून ते कापून घ्यावे लागतात. ज्याने सकाळी इमानदारीने दूध घातलं, त्याला आपल्या बिलात ही कपात कशाची, हे विचारत कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून मला हा विषय फक्त संगणक विभागाचा वाटत नाही.

यावर पहिला उपाय कोणालाही सुचेल तो असा: सगळ्या नोंदी एकाच व्यवहारात भरायच्या. डेटाबेसमध्ये `BEGIN` आणि `COMMIT` यांच्या मधलं काम एक तर पूर्ण होतं, नाही तर काहीच होत नाही. मध्ये अडचण आली की सगळं मागे घेतलं जातं. हे करायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. जॉब एका मशीनवर चालतो, डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असतो आणि दोघांमध्ये नेटवर्क असतं. डेटाबेसने `COMMIT` पूर्ण केलं, १८,००० नोंदी पक्क्या झाल्या आणि ‘झालं’ हा निरोप परत येताना लाइन तुटली, असं होऊ शकतं. जॉबच्या दृष्टीने तो फसला. ऑपरेटर तो पुन्हा चालवतो आणि आता अख्खा दिवस दुप्पट होतो. काम खरोखर झालं की नाही, हे निरोप न मिळालेल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून ‘आधी फसला होता का’ या प्रश्नाच्या उत्तरावर जॉबची रचना अवलंबून ठेवायचीच नाही.

त्यासाठी जॉबला दिलेला हुकूमच बदलावा लागतो. ‘या १८,००० नोंदी टेबलात घाल’ हा हुकूम दोनदा पाळला तर दोनदा नोंदी पडणारच. त्याऐवजी सांगायचं, ‘३७ नंबरच्या केंद्राच्या १४ जूनच्या नोंदी नेमक्या एवढ्याच असू देत.’ हा हुकूम एकदा पाळा नाही तर पाच वेळा, टेबल त्याच स्थितीत येतं. लिहायची रीत सोपी आहे: त्या केंद्राच्या त्या तारखेच्या जुन्या नोंदी काढायच्या आणि नव्या घालायच्या, दोन्ही एकाच व्यवहारात.

```sql
BEGIN;
DELETE FROM milk_receipts
 WHERE receipt_date = '2025-06-14' AND centre_id = 37;
INSERT INTO milk_receipts
SELECT * FROM incoming
 WHERE receipt_date = '2025-06-14' AND centre_id = 37;
COMMIT;
```

`incoming` हे आत येणाऱ्या फाइलचं तात्पुरतं टेबल. दरवेळी ते रिकामं करून त्यात फाइल ओतायची. 4..2 सारखी घाण तिथेच पकडायची, म्हणजे मुख्य टेबलाला हात लागायच्या आधीच जॉब थांबतो.

यात खरा विचार लागतो तो काढायचा तुकडा ठरवताना. नुसत्या तारखेने काढलं तर काय होतं? समजा ११७ केंद्रांच्या फायली रात्री आल्या आणि तीन केंद्रांची वीज गेल्याने त्यांच्या फायली दुपारी आल्या. दुपारी त्या तीन फायलींसाठी जॉब चालवला, तर १४ जूनच्या सगळ्या नोंदी निघून जातील आणि परत फक्त तीन केंद्रांच्याच पडतील. दुप्पट मोजण्याऐवजी आता जवळजवळ सगळं दूध गायब. म्हणून काढायचा तुकडा आणि मुळातून पूर्ण येणारा तुकडा एकच असला पाहिजे. इथे फाइल एका केंद्राची एका दिवसाची येते, तर काढायचंही केंद्र आणि दिवस मिळून. फाइल अर्धवट किंवा रिकामी आली तरी हाच धोका आहे. त्यामुळे फाइलच्या शेवटच्या ओळीत नोंदींची संख्या आणि एकूण लिटर लिहून घ्यावेत आणि ते जुळल्याशिवाय `DELETE` पर्यंत जाऊ नये.

तारखेच्या बाबतीतही एक सवय मोडावी लागते. बरेच जॉब ‘आज’ म्हणजे `CURRENT_DATE` वापरून लिहिलेले असतात. रात्री साडेअकराला आज म्हणजे १४ जून, पण बारानंतर पुन्हा चालवलं की आज म्हणजे १५ जून. मग तोच जॉब वेगळ्याच दिवसाला हात घालतो. तारीख जॉबला बाहेरून द्यायची आणि पुन्हा चालवताना तीच द्यायची.

दुसरा आधार म्हणजे डेटाबेसनेच दुबार नोंद नाकारणं. त्यासाठी प्रत्येक पावतीची खात्रीची ओळख हवी. केंद्र, सभासद, तारीख, सकाळ की संध्याकाळ आणि जनावर एवढं पुरेल असं पहिल्यांदा वाटतं. पण एखादा सभासद सकाळी पहिली किटली घालून जातो आणि अर्ध्या तासाने त्याचा मुलगा दुसरी घेऊन येतो. दोन्ही पावत्या खऱ्या असतात. वरच्या ओळखीने दुसरी नाकारली जाईल आणि शेतकऱ्याचं दूध बुडेल. रिपोर्टच्या वेळी `DISTINCT` लावून दुबार ओळी गाळणाऱ्यांकडूनही हेच होतं: दोन्ही किटल्यांचं माप आणि फॅट योगायोगाने सारखं आलं, पावती क्रमांक उचललेला नसला, की एक किटली गेली. म्हणून यंत्राने दिलेला पावती क्रमांकच ओळखीत धरायचा आणि त्याच्याबरोबर यंत्राचा क्रमांकही, कारण यंत्र बदललं की पावत्या पुन्हा एकपासून सुरू होतात.

```sql
ALTER TABLE milk_receipts
  ADD UNIQUE (centre_id, machine_id, receipt_date, receipt_no);
```

ही अट असली की पोस्टग्रेसमध्ये `INSERT ... ON CONFLICT` वापरून ‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ असंही करता येतं. काहीजण तेवढ्यावरच थांबतात. माझा कल मात्र तुकडा काढून पुन्हा भरण्याकडे आहे. केंद्राने चुकीची पावती रद्द करून सुधारलेली फाइल पाठवली, तर ‘असेल तर बदल’ या पद्धतीत रद्द झालेली पावती टेबलात तशीच राहते, कारण तिच्याबद्दल नव्या फाइलमध्ये एक शब्दही नसतो.

तरीही वरची अट ठेवायचीच. वेळापत्रक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला पहिला जॉब अडकल्यासारखा वाटतो आणि ते दुसरा सुरू करतं. दोघंही आपापल्या व्यवहारात जुन्या नोंदी काढतात. एकमेकांच्या नव्या, अजून पक्क्या न झालेल्या नोंदी दोघांनाही दिसत नाहीत, आणि दोघंही भरतात. नेहमीच्या मांडणीत इथे `DELETE` ची ढाल उपयोगी पडत नाही. अट असेल तर दुसरा जॉब चूक दाखवून थांबतो आणि टेबल शाबूत राहतं.

पुढे महिन्याच्या बेरजांचं टेबल असतं. तिथे `total = total + 6` अशा तऱ्हेने भर घालणारी ओळ दिसली की ती बदलून घ्यावी. बेरीज पावत्यांवरून दरवेळी नव्याने करायची. त्याला चार सेकंद जास्त लागले तरी लागू देत.

हे सगळं बसलं की नाही, हे बघायला जॉब मुद्दाम दोनदा चालवायचा आणि दोन्ही वेळा केंद्रवार नोंदींची संख्या आणि लिटर जुळवायचे. मग तिसऱ्यांदा चालवून मध्येच प्रक्रिया मारायची आणि चौथ्यांदा चालवून पुन्हा जुळवायचं. नुसती एकूण बेरीज बघू नये, कारण एका केंद्राचं वाढलेलं आणि दुसऱ्याचं घटलेलं एकमेकांत मिटून जाऊ शकतं.

एक गोष्ट मात्र यातल्या कशानेही सुटत नाही: डेटाबेसच्या बाहेर गेलेलं काम. जॉब नोंदी भरल्यावर सभासदांना एसएमएस पाठवत असेल किंवा बँकेला पैसे जमा करण्याची फाइल देत असेल, तर ते `ROLLBACK` करून परत येत नाही. ते काम या जॉबमधून काढून वेगळं करावं. पाठवायच्या प्रत्येक गोष्टीला तिचा कायमचा क्रमांक द्यावा, एसएमएसला पावतीवरून आणि बँकेच्या ओळीला सभासद व बिलाच्या कालावधीवरून, आणि काय पाठवलं याची नोंद वेगळ्या टेबलात ठेवावी. केंद्राच्या नोंदी काढून पुन्हा भरल्या तरी त्या टेबलाला हात लावायचा नाही. एसएमएस गेला आणि नोंद व्हायच्या आत वीज गेली, तर तो दुसऱ्यांदा जाईलच, आणि तेवढं सभासद चालवून घेतात. बँकेच्या बाबतीत ते चालत नाही. तिथे तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर बँक ती ओळ नाकारेल का, हे बँकेकडून लेखी घेतल्याशिवाय ती फाइल आपोआप पुन्हा पाठवणारा जॉब चालू करू नये.