दोन मजले, एक यंत्र

१९९४च्या सुमारास अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने चेकची प्रतिमा टिपणारी यंत्रं बसवली. डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मरनेन या अर्थतज्ज्ञांनी पुढे तिथला बदल अभ्यासला. खालच्या मजल्यावर कारकून चेकवरची रक्कम टाइप करत. हे काम ठरीव नियमांचं, म्हणून त्यातलं बरंचसं यंत्राने उचललं. वाचता न येणारी हस्ताक्षरं तेवढी माणसांकडे राहिली.

वरच्या मजल्यावर खात्यात पैसे नसलेले किंवा शंकास्पद चेक हाताळले जात. तिथे कागद शोधण्याची धावपळ संपली आणि एकच कर्मचारी एका खात्याच्या सगळ्या अडचणी सोडवू लागला. माणसं कमी लागली, पण निर्णयक्षमतेची किंमत वाढली.

तीच इमारत झाडणाऱ्याचं काम मात्र टिकलं. खुर्च्यांमधून वाट काढत फरशी पुसणं आपल्याला सोपं वाटतं, पण ते नियमांत लिहून काढणं फार अवघड. म्हणून यंत्र मधल्या पायरीवर घाव घालतं. तिथून घसरलेला कारकून खालच्या कामांकडे वळतो, तिथली गर्दी वाढते आणि काम टिकूनही पगार फारसा वाढत नाही.