दार का लोंबते?

चौसाळ्याच्या एका शाळेत प्रयोगशाळेचे कपाट पाहायला आम्ही थांबलो. डाव्या दाराचा मोकळा कोपरा 3 मिमी खाली आला होता. दोन दारे वरच्या बाजूला एकमेकांना घासत होती आणि खाली मात्र फट रुंद होती. बिजागऱ्या आत लपणाऱ्या होत्या, दुकानात त्यांना ‘ऑटो हिंज’ म्हणतात. तिची वाटी दाराच्या गोल खाचेत बसते आणि भुजा कपाटाच्या बाजूवरील पाटीला जोडलेली असते.

शिक्षकांनी पाटीचे स्क्रू सैल करून दार वर उचलले होते. पण त्याने तिरके दार तिरकेच राहून वर गेले! दार खाली सरकलेले नव्हते, ते फिरलेले होते. वजन वरची बिजागरी बाहेर ओढते व खालची आत दाबते, म्हणून आधी वरचीच सैल होते.

फिरलेले दार उलट फिरवायचे, तर दोन बिजागऱ्या विरुद्ध दिशांना सरकवायला हव्यात. दार 450 मिमी रुंद, बिजागऱ्यांतले अंतर 600 मिमी. समरूप त्रिकोणांवरून 3 भागिले 450 गुणिले 600, म्हणजे 4 मिमी. वरच्या बिजागरीपाशी दार 2 मिमी बिजागरीच्या बाजूला ओढले आणि खालच्यापाशी 2 मिमी मोकळ्या बाजूला ढकलले. हे काम भुजेवरच्या पुढच्या, म्हणजे दाराजवळच्या स्क्रूचे. कोणत्या दिशेला फिरवायचा हे पाठ करू नये. अर्धा फेरा देऊन दार लावून पाहावे. हा स्क्रू दोन्हीकडे साधारण दोनच मिमी सरकतो, म्हणून सगळी दुरुस्ती एकाच बिजागरीकडून मागू नये.

मग उरलेल्या दोन दिशा. दार बिजागरीच्या कडेला कपाटापासून दूर राहत असेल किंवा तिथे अडून परत उघडत असेल, तर मागचा स्क्रू सैल करून भुजा आत-बाहेर सरकवावी व पुन्हा आवळावी. उंची मात्र शेवटी: दारांमधली फट वरून खालपर्यंत सारखी असूनही वरच्या कडा एका रेषेत नसतील तरच पाटीचे स्क्रू लांबट छिद्रांत सरकवावेत. त्या वेळी दार कोणीतरी हातांनी पेलून धरायला हवे.

खरे तर आम्ही आधी कपाटाचे दोन कर्ण मोजायला हवे होते. ते आमच्या उशिरा लक्षात आले. फरशी उंचसखल असली की कपाटच पिळवटते आणि दोष दाराच्या माथी बसतो. इथे कर्ण सारखे निघाले.

तरीही वरची बिजागरी हलतच होती. तिच्या पाटीचा एक स्क्रू कितीही फिरवला तरी आवळत नव्हता, कारण भुशाच्या बोर्डातले छिद्र मोठे झाले होते. अशा वेळी इतर कोणताही स्क्रू फिरवणे व्यर्थ. छिद्रात डिंक लावलेल्या, गूल काढलेल्या आगपेटीच्या काड्या ठोकून रात्रभर वाळू दिल्या आणि दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू बसवला.

दार 4 किलोचे धरले तर वरच्या बिजागरीवर फक्त दीड किलोची ओढ येते. तीस किलोचे मूल मोकळ्या कडेला लोंबकळले, तर त्यात साडेबावीस किलोची भर पडते. छिद्र कशाने मोठे झाले असावे, याचा अंदाज शिक्षकांनी हसून सांगितला.