त्रिकोण घटवा, पण कोणते?

गावाबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या वीरगळाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि त्यावरून संगणकात त्रिमितीय प्रतिकृती बनवली, तर ती सहज ४० लाख त्रिकोणांची होते. मोबाइलवर ती फिरवून दाखवायची तर ८० हजारांत भागवावं लागतं. या छाटणीला डेसिमेशन म्हणतात. मेशलॅब, ब्लेंडर, झीब्रश अशा सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. आकडा टाकून बटण दाबलं की काम होतं, पण कधी दगडाची धार बोथट होते, तर कधी त्यावरचं रंगचित्र फाटतं. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

छाटणीची प्रचलित पद्धत मायकल गार्लंड आणि पॉल हेकबर्ट यांनी १९९७ मध्ये मांडली. त्रिकोणाची एक बाजू निवडायची आणि तिची दोन टोकं एकाच बिंदूत मिळवून टाकायची. एवढ्यानं साधारण दोन त्रिकोण कमी होतात, म्हणजे आपल्या वीरगळासाठी हे जवळपास २० लाख वेळा करावं लागेल. दर वेळी कोणती बाजू मिटवायची हे ‘किंमत’ ठरवते. प्रत्येक बिंदू आपल्याभोवतीच्या त्रिकोणांची प्रतलं लक्षात ठेवतो. बिंदू हलवला की त्या प्रतलांपासून तो किती लांब गेला ते मोजायचं, अंतरांचे वर्ग करायचे आणि बेरीज घ्यायची. सर्वांत स्वस्त बाजू आधी मिटते.

वीरगळाची सपाट पाठ आणि तिला काटकोनात मिळणारी बाजू घ्या. त्यांच्या धारेवरचा बिंदू धारेवरूनच सरकवला, तर दोन्ही प्रतलांपासून त्याचं अंतर शून्य राहतं, म्हणून किंमतही शून्य. तोच बिंदू पाठीवर २ मिलिमीटर आत ओढला, तर पाठीपासूनचं अंतर शून्य, पण बाजूपासूनचं २, म्हणून किंमत ४. त्यामुळे धार मोडण्याआधी सपाट भागातले त्रिकोण संपतात. धार जपायला वेगळं काही सांगावं लागत नाही. अडचण येते ती मूळ प्रतिकृतीतच धार मिलिमीटर-दोन मिलिमीटर गोलसर आलेली असेल तेव्हा. फार छाटलं की ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते. रंग बंद करून, नुसत्या राखाडी पृष्ठभागावर बाजूनं प्रकाश टाकला की हे लगेच कळतं.

रंगाचं गणित निराळं आहे. रंग हा एका सपाट चित्रात साठवलेला असतो. पुठ्ठ्याचं खोकं उलगडावं तसा पृष्ठभाग कापून त्या चित्रावर पसरतात. चित्रातल्या जागेचे आकडे म्हणजे यूव्ही, आणि कापलेल्या रेषा म्हणजे सीम. सीमवरचा बिंदू दगडावर एकच असतो, पण चित्रात त्याच्या दोन जागा असतात. आता ही सीम सपाट पाठीच्या मधून गेली असेल, तर तिथला बिंदू कुठेही सरकवा, किंमत शून्यच! अंतर मोजणाऱ्या गणिताला सीम दिसतच नाही. बिंदू सीमवरून ढळला की दगडावर रंग ताणला जातो किंवा चित्रातल्या रिकाम्या जागेचा पट्टा उमटतो. सॉफ्टवेअरनं सीमच्या दोन बाजू सुट्या धरल्या आणि वेगवेगळ्या छाटल्या, तर तिथे चक्क फट पडते.

उपाय असा की सीमच्या रेषेवर पृष्ठभागाला काटकोनात एक काल्पनिक प्रतल उभं करायचं आणि त्याला भरपूर वजन द्यायचं. मग सीमवरून ढळणं महाग होतं. मेशलॅबमध्ये यासाठी `Simplification: Quadric Edge Collapse Decimation (with texture)` हा वेगळा फिल्टर आहे. त्यातल्या `Texture Weight` मुळे यूव्हीतला बदलही किमतीत धरला जातो. आपल्या रंगचित्राऐवजी चौकटीचौकटीचं चित्र तात्पुरतं लावून पाहा. चौकटी कुठे वाकड्या झाल्या, तिथे सीम सुटली.

पण यालाही मर्यादा आहे. फोटोंवरून प्रतिकृती करणारी सॉफ्टवेअर बहुधा पृष्ठभागाचे शेकडो बारीक तुकडे करतात. ८० हजार त्रिकोणांना साधारण ४० हजार बिंदू लागतात. सीमवरच ६० हजार बिंदू असतील आणि तुम्ही ते सगळे कुलूपबंद केले, तर ८० हजारांवर पोहोचणंच अशक्य. वजन कितीही वाढवा, उपयोग नाही.

अशा वेळी क्रम उलटा करावा. जुन्या यूव्हीचा नाद सोडून आधी फक्त आकार बघून छाटायचं. मग हलक्या प्रतिकृतीचं नव्यानं उलगडून घ्यायचं आणि सीम शक्यतो वीरगळाच्या धारांवरच टाकायच्या. शेवटी ४० लाखांच्या मूळ प्रतिकृतीवरचा रंग आणि बारीक उठाव नव्या चित्रात उतरवून घ्यायचा. याला बेकिंग म्हणतात. पुढे आणखी हलकी आवृत्ती लागली, तर यूव्ही धरून तीही छाटता येते, कारण सीम आता थोड्या आहेत आणि धारेवर असल्यामुळे अंतराचं गणितच त्यांना बऱ्याच अंशी सांभाळतं.