बॅटरीतून एक अँपिअर, फोनला दोन

गाडीतल्या मोबाइल चार्जरच्या दोन्ही बाजूंना अँपिअरमीटर लावला, तर मीटर बिघडला की काय अशी शंका येते. फोनकडे ५ व्होल्टने २ अँपिअर प्रवाह जात असतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीतून निघतो जेमतेम एक. मग दुसरा अँपिअर येतो कुठून?

जुन्या पद्धतीत असे कोडे नव्हते. ७८०५ सारखा तीन पायांचा रेग्युलेटर जेवढा प्रवाह बाहेर देतो, जवळपास तेवढाच आत घेतो आणि मधले ७ व्होल्ट स्वतःवर झेलतो. २ अँपिअरचा हिशेब केला, तर फोनला १० वॅट मिळतात आणि १४ वॅटची नुसती उष्णता होते. असा चार्जर फोनपेक्षा जास्त हवाच तापवतो.

बक कन्व्हर्टर व्होल्ट जाळत नाही. तो पुरवठा तोडतो आणि जोडतो. पूर्ण बंद स्विचमधून प्रवाह वाहत नाही. पूर्ण चालू स्विचवर व्होल्ट फारसे उरत नाहीत. दोन्ही स्थितींत उष्णता थोडीच. पण नुसते तोडून-जोडून भागत नाही, कारण तसे केले तर फोनला कधी १२ व्होल्ट मिळतील, कधी शून्य. म्हणून स्विचच्या पुढे तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्यातला प्रवाह एकदम वाढत नाही आणि एकदम थांबतही नाही. शेतावरच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला धक्का अधूनमधूनच मिळतो, तरी जड चाकामुळे ते सलग फिरत राहते. कॉइलचे काम तेच.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या छोट्या बक मॉड्यूलवर बहुतेकदा एलएम२५९६ ही चिप असते. ती सेकंदाला दीड लाख वेळा स्विच करते, म्हणजे एक फेरा सुमारे ६.७ मायक्रोसेकंदांचा. आदर्श हिशेबात त्यातले २.८ मायक्रोसेकंद स्विच चालू असतो. त्या वेळी कॉइलच्या एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला ५ व्होल्ट असतात. ७ व्होल्टच्या या फरकाने प्रवाह चढत जातो. मग स्विच तुटतो. कॉइल प्रवाह थांबू देत नाही, तिच्यावरचा दाब उलटतो आणि प्रवाह डायोडमधून वाट काढत फोनकडे वाहत राहतो. आता तिच्यावर उलटे ५ व्होल्ट असल्याने प्रवाह ३.९ मायक्रोसेकंद उतरतो. ७ गुणिले २.८ आणि ५ गुणिले ३.९, दोन्ही साधारण साडेएकोणीस. चढण आणि उतरण जुळली की व्होल्ट पाचावर स्थिरावतात. ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये प्रवाह १.७ ते २.३ अँपिअरांत झुलतो आणि उरलेली थरथर कपॅसिटर गिळतो.

कोडेही इथेच सुटते. बॅटरी फेऱ्याचा ४२ टक्के वेळच जोडलेली असते, म्हणून तिच्यातून सरासरी ०.८३ अँपिअर जातो. उरलेल्या वेळी फोनला पोचणारा प्रवाह बॅटरीला न शिवता कॉइल, फोन आणि डायोड यांच्या कड्यातच फिरतो. फुकट काही मिळत नाही: १२ गुणिले ०.८३ म्हणजे तेच १० वॅट.

प्रत्यक्षात थोडी गळती होतेच. चालू स्विचवर एखादा व्होल्ट आणि डायोडवर सुमारे अर्धा व्होल्ट खर्च होतो. १२ वरून ५ व्होल्ट करताना या चिपची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के धरली जाते, म्हणून बॅटरीकडचा आकडा एक अँपिअरच्या थोडा वर जातो. नव्या चिपांत डायोडऐवजी दुसरा मॉस्फेट बसवून हा आकडा नव्वदीपार नेतात.

बाजारात याच नावाच्या नकली चिपाही मिळतात. त्यांतल्या अनेक ५० किलोहर्ट्झच्या आसपासच चालतात. फेरा तिप्पट लांबला की त्याच कॉइलमधला झोकाही तिप्पट होतो आणि प्रवाहाचे टोक २.९ अँपिअरपर्यंत जाते. कॉइलचा गाभा तेवढे चुंबकत्व पेलू शकला नाही, तर तो संपृक्त होतो, प्रवाह एकदम उसळतो आणि कॉइल व चिप दोन्ही भाजू लागतात. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे तो बिचारा ५ व्होल्टच सांगत राहतो. खरा प्रकार दिसतो ऑसिलोस्कोपवर. तो जवळ नसेल, तर दोन अँपिअरचा भार लावून काही मिनिटांनी कॉइलचे तापमान पाहावे.

एक धोका मात्र आधीच ओळखून ठेवावा. स्विच जळून शॉर्ट झाला, तर पूर्ण १२ व्होल्ट थेट पुढे जातात. नव्या मॉड्यूलचा ट्रिमपॉटही नेमका ५ व्होल्टवर असेलच असे नाही. म्हणून बॅटरीच्या तारेत फ्यूज घाला, मल्टिमीटर लावून व्होल्ट जुळवा आणि मगच फोन जोडा.