‘फक्त ४९९ रुपये’ आणि खालची बारीक ओळ

मे संपत आला की गॅरेजच्या दारावर फलक लागतात, वर्तमानपत्रातून पत्रकं घरात येतात. ‘पावसाळापूर्व वाहन तपासणी शिबिर! ब्रेक, वायपर, टायर यांची संपूर्ण तपासणी, फक्त ४९९ रुपये.’ आणि तळाशी बारीक अक्षरात, ‘स्पेअर पार्ट व मजुरी वेगळी.’ आकडा गॅरेजप्रमाणे बदलतो, मजकूर बहुतेक हाच असतो. त्यातली सगळ्यात कामाची ओळ आहे ती तळाची. ठरलेली किंमत तपासणीची असते, दुरुस्तीची नसते. म्हणजे या पैशांत आपण माहिती विकत घेतो. ती माहिती ‘ओके’ अशा शेऱ्यात मिळाली तर पैसे वाया गेले, आणि मिलिमीटरमध्ये लिहून मिळाली तर ते वसूल झाले, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण घेऊ. सात वर्षं वापरलेली छोटी कार, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांसारखी. मालकाला जुलैत पाचगणीला जायचं आहे, परतताना पसरणी घाट उतरायचा आहे.

गाडी लिफ्टवर चढली की पहिला प्रश्न विचारायचा: चाकं काढणार का? पुढच्या डिस्कचा पॅड चाकाच्या फटीतून डोकावूनही थोडाफार दिसतो. मागच्या ड्रमचं तसं नाही. चाक उतरवून ड्रम ओढून काढल्याशिवाय आतला लायनर किती उरला, सिलिंडरमधून ऑइल पाझरतंय का, हे कुणालाच कळत नाही. घाईच्या शिबिरात नेमकं हेच राहून जातं. पावसात मात्र ड्रमच जास्त त्रास देतो. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की पाणी आत शिरतं आणि ते डिस्कवरच्या पाण्यासारखं पटकन उडून जात नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर मागे कुणी नाही हे पाहून, हळू चालवत ब्रेकवर दोन-तीनदा हलका पाय ठेवावा. त्या घर्षणाने लायनर सुकतो.

आपल्या उदाहरणात पुढचे पॅड ४ मिलिमीटर निघाले. नवे असताना ते साधारण १० ते १२ असतात आणि ३ च्या आसपास बदलायचे असतात. गावातल्या गावात फिरायचं असेल तर आणखी काही दिवस चालतील. घाट उतरायचा असेल तर आत्ताच बदललेले बरे.

आता ब्रेक ऑइल. पत्रकावर त्याचा उल्लेख सहसा नसतो, पण माझ्या मते ब्रेकच्या तपासणीतली ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. मेकॅनिक बॉनेट उघडतो, डबीतली पातळी पाहतो, कमी असेल तर वरून भरतो आणि काम झालं म्हणतो. पण गळती नसतानाही पातळी खाली येते, कारण पॅड झिजतात आणि ती जागा ऑइल भरून काढतं. म्हणजे खाली गेलेली पातळी झिजलेल्या पॅडची खूण असू शकते. वरून ऑइल ओतलं की ती खूण पुसली जाते.

दुसरं असं, की हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांबलचक उतारावर सतत ब्रेक दाबत राहिलं की तापलेल्या भागाजवळचं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, दाब पुढे पोहोचत नाही आणि पेडल नुसतं खाली जातं. ओलावा मोजायचा पेनासारखा छोटा टेस्टर मिळतो. तो गॅरेजमध्ये आहे का, विचारा. उदाहरणातल्या गाडीत तो ३ टक्के दाखवतो, म्हणजे ऑइल बदलायचंच. एरवीही साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. आणि ऑइल नवं असलं तरी घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावरच उतरायचं.

टायरच्या बाबतीत निदान मोजमाप सोपं आहे. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते. कारसाठी कायद्याची किमान मर्यादा तीच. पण रस्त्यावरचं पाणी खाचांतून बाहेर फेकण्याची ताकद त्याआधीच घटते, त्यामुळे ३ मिलिमीटरच्या खाली आलेला टायर घेऊन भर पावसात महामार्गावर वेग घेऊ नये. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. १४१९ असेल तर तो २०१९ च्या चौदाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होतं, म्हणून वयही पाहायचं. झीज कुठे आहे तेही बघा: मधोमध असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर हवा कमी, एकाच कडेला असेल तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेलं.

आपल्या गाडीचे पुढचे टायर अडीच मिलिमीटर आणि मागचे चार. दोनच नवे घ्यायचे ठरलं, तर गॅरेजवाला सवयीने ते पुढे लावतो. टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे: नवे मागे लावा, मागचे पुढे आणा. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून ती सांभाळता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, मग सामान्य चालकाच्या हातात फारसं काही उरत नाही. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी ठेवण्याची एक समजूत आहे, ती चुकीची आहे. हवा कमी असेल तर टायर पाण्यावर लवकर तरंगतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेली हवा, टायर गार असताना भरायची. स्टेपनीतही.

वायपरबद्दल थोडक्यात. कोरड्या काचेवर वायपर फिरवून कुणी ‘ओके’ लिहिलं तर ती तपासणी नव्हे. काच आधी पुसून, पाणी मारून बघायचं. बारीक रेघा उठल्या तर रबराच्या धारेला चिरा आहेत किंवा कचरा अडकलाय. एक अख्खा पट्टा पुसलाच जात नसेल तर दांड्याच्या स्प्रिंगचा दाब कमी झालाय, तिथे नवा ब्लेड लावूनही उपयोग नाही. थडथड आवाज येत असेल तर उन्हाने रबर कडक झालंय किंवा काचेवर तेलकट थर आहे.

थोडक्यात, त्या गाडीला आज ब्रेक ऑइल, पॅड आणि दोन टायर हवेत. हे सगळं ४९९ च्या बाहेरचं आहे, आणि त्यात गॅरेजची फसवणूक काही नाही. मात्र काम सुरू होण्याआधी पार्ट आणि मजुरीचा अंदाज लिहून घ्या, काढलेले जुने पार्ट परत मागा.

गॅरेजमालकांनाही एक विनंती. पत्रकावर ‘संपूर्ण तपासणी’ छापण्याऐवजी असं छापा: ‘चारही चाकं उतरवून, ड्रम उघडून तपासू. पॅड, लायनर आणि टायर मिलिमीटरमध्ये मोजून, ब्रेक ऑइलमधला ओलावा टक्क्यांत लिहून देऊ. दुरुस्ती तुम्ही हो म्हटल्यावरच.’ आणि ही ओळ बारीक अक्षरात नको.