मेहनतीचं कौतुक, रेटिंगची हूल

फेब्रुवारी संपता संपता आयटी कंपन्यांत सेल्फ-अप्रेझलचे फॉर्म भरून होतात आणि मार्चमध्ये मॅनेजरचे मेल यायला लागतात. हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, या दिवसांत कँटीनमध्ये जेवणाच्या टेबलावर एकच विषय असतो. त्यातही सर्वांत बुचकळ्यात टाकतो तो गोडगोड मेल. शिवी नाही, तक्रार नाही, उलट दोन वाक्यं कौतुकाची. तरीही वाचून झाल्यावर पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा तो गोळा उगाच आलेला नसतो.

एक नमुना घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य कुणा ना कुणाच्या इनबॉक्समध्ये पडून असेल. नऊ वर्षांचा अनुभव असलेली एक टेस्ट लीड आहे. तिला तिच्या मॅनेजरने इंग्रजीत पाठवलेल्या मेलचा मराठी मजकूर असा:

‘यंदा तू घेतलेली मेहनत सगळ्या टीमने पाहिली आहे. रिलीजच्या आठवड्यांत तू शनिवार-रविवारीही उपलब्ध राहिलीस, त्याचं खरंच कौतुक वाटतं. प्रोजेक्टसाठी हे वर्ष खडतर गेलं. तुझ्या लेव्हलला अपेक्षित असलेल्या ओनरशिपच्या दिशेने तुझी वाटचाल सुरू आहे. येत्या वर्षात स्टेकहोल्डरशी संवाद आणि कामातलं सातत्य यांवर आपण भर देऊ. रेटिंगची प्रक्रिया अजून पूर्ण व्हायची आहे. सर्व बाबींचा साकल्याने विचार होईलच.’

आता हा मेल सावकाश वाचायचा. पहिल्या दोन वाक्यांत कौतुक आहे, पण कशाचं? वेळ दिल्याचं, हजर राहिल्याचं. त्या शनिवार-रविवारांतून काय निघालं, हे कुठेच आलेलं नाही. रिलीज वेळेवर गेली का, ग्राहकाकडे पोहोचलेले बग कमी झाले का, ऑटोमेशनमुळे टेस्टिंगचे दिवस वाचले का, यावर अवाक्षर नाही. चांगलं रेटिंग द्यायचं ठरवलेला मॅनेजर या गोष्टी लिहितोच, कारण पुढे त्यालाच त्या इतरांपुढे मांडायच्या असतात. मेलमध्ये काम कमी आणि कष्ट जास्त दिसले, की वाचणाऱ्याने पहिली खूणगाठ बांधावी.

चौथं वाक्य खरं वजनदार आहे. ‘दिशेने वाटचाल सुरू आहे’ हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ अजून पोहोचलेली नाहीस असाच होतो. इथे एक सोपी युक्ती उपयोगी पडते. कंपनीच्या पोर्टलवर रेटिंगच्या प्रत्येक पायरीची दोन ओळींची व्याख्या दिलेली असते. पाच पायऱ्या असतील तर मधली साधारणपणे ‘अपेक्षा पूर्ण करतो’ अशी आणि तिच्या खालची ‘काही अपेक्षा पूर्ण करतो’ किंवा ‘सुधारणेला वाव’ अशी असते. ही व्याख्या आणि मेल शेजारी शेजारी ठेवायचे. मॅनेजर मंडळी फॉर्म समोर ठेवूनच लिहितात, त्यामुळे कुठल्या पायरीचे शब्द मेलमध्ये उतरलेत ते बऱ्याचदा लगेच कळतं. आपल्या नमुन्यातलं वाक्य मधल्या पायरीचं नाही, खालच्या पायरीचं आहे.

‘सातत्य’ आणि ‘संवाद’ यांच्यामागे सहसा एखादी ठरावीक घटना असते: एखादी रिलीज घसरलेली, ग्राहकासोबतच्या कॉलवर काहीतरी बिनसलेलं. ती घटना मेलमध्ये नाही, पण मॅनेजरच्या डोक्यात आहे. ‘येत्या वर्षात’ या दोन शब्दांनी तो हेही सांगतो आहे, की यंदाचा हिशेब त्याच्या मनात मिटलेला आहे.

मग तो सरळ का लिहीत नाही? निम्मं कारण माणसाच्या स्वभावात आहे. वाईट बातमी सांगणाऱ्याची जीभ जड होते, हे सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 साली प्रयोगांतून दाखवलं आणि या प्रवृत्तीला ‘मम इफेक्ट’ असं नाव दिलं. उरलेलं निम्मं कारण कंपनीच्या कारभारात आहे आणि ते समजलं की मेलचा सूर उलगडतो.

मार्चमध्ये मॅनेजरच्या हाती असतं ते फक्त प्रस्तावित रेटिंग. त्यानंतर नॉर्मलायझेशनची बैठक होते. काही ठिकाणी तिला कॅलिब्रेशन म्हणतात. समजा, एका विभागात एकाच लेव्हलची 60 माणसं आहेत आणि खालच्या दोन पायऱ्यांत मिळून 15 टक्के माणसं असावीत असा वरून संकेत आहे. म्हणजे 9 नावं द्यावीच लागणार. सात-आठ मॅनेजर त्या खोलीत बसतात आणि प्रत्येकाच्या टीममधून साधारण एकेक नाव खाली सरकतं. ही बेल कर्व्हची करामत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वरचे 20, मधले 70 आणि खालचे 10 टक्के अशी विभागणी गाजवली आणि जगभरच्या कंपन्यांनी ती कमीअधिक फरकाने उचलली. मायक्रोसॉफ्टने 2013 साली असली सक्तीची क्रमवारी सोडली, अ‍ॅक्सेंचरने 2015 साली वार्षिक रँकिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. कागदावरून कर्व्ह गेली तरी पगारवाढीचं बजेट मोजकंच असतं, त्यामुळे कुणाला तरी खाली ठेवण्याचा दबाव या ना त्या रूपात उरतोच.

त्या खोलीत मेहनत हे चलन चालत नाही. शेजारच्या टीमच्या मॅनेजरला या टेस्ट लीडने किती रविवार घालवले याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला आपलं माणूस वाचवायचं असतं. ‘खूप कष्टाळू आहे हो’ एवढंच ज्याच्याबद्दल सांगता येतं, त्याचं नाव आधी सरकतं. यात लबाडी असतेच असं नाही. अनेकदा मॅनेजरकडे तिच्या कामाचे पुरावे खरोखरच नसतात, कारण त्याने ते गोळा केलेले नसतात आणि तिने दिलेले नसतात.

आणखी एक बाब. कमी रेटिंग देण्याआधी कर्मचाऱ्याला लेखी फीडबॅक दिला होता का, असं एचआर मॅनेजरला विचारतं. रेटिंगचं पत्र हाती पडल्यावर ‘मला तर कुणी काही बोललंच नव्हतं’ अशी तक्रार येऊ नये, ही त्यामागची काळजी. म्हणून पुष्कळदा असा मेल समजूत घालण्यापेक्षा नोंद राहावी म्हणून लिहिलेला असतो. वर्षभर सगळं तोंडी बोलणारा मॅनेजर अचानक नीटनेटक्या परिच्छेदांत लिहू लागला किंवा सीसीमध्ये एचआर दिसलं, तर संशयाला जागा आहे.

मात्र उलटंही घडतं. वीस जणांना तोच मजकूर नाव बदलून पाठवणारे मॅनेजर कमी नाहीत. काहींना मुळातच कौतुक जमत नाही. उत्तम रेटिंग देतानाही ते ‘सातत्य ठेव’ असंच लिहितात. त्यामुळे एकट्या मेलवरून निदान करू नये. गेल्या वर्षीचा मेल काढून पाहावा: त्यात प्रोजेक्टची नावं आणि आकडे होते आणि यंदा नाहीत, तर हा बदल बोलका आहे. विश्वासातल्या एखाद्या सहकाऱ्याचा मेल पाहता आला तर साचा लगेच कळतो. महिला कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टॅनफर्डच्या शेली कोरेल आणि कॅरोलाइन सिमर्ड यांनी 2016 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलेल्या अभ्यासात, स्त्रियांना मिळणारा फीडबॅक पुरुषांच्या तुलनेत मोघम आणि कामाच्या परिणामांशी न जोडलेला असल्याचं आढळलं होतं. म्हणजे मोघमपणा हा दर वेळी कमी रेटिंगचाच इशारा नसतो. पण नॉर्मलायझेशनच्या खोलीत तो तिला महाग पडू शकतो.

मोघम शब्दाने माणसाचं किती नुकसान होतं, याचं गाजलेलं उदाहरण सरकारी खात्यातलं आहे. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांच्या 1993-94च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही. पण बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘खूप चांगला’ शेरा लागत होता, त्यामुळे त्या एका ‘चांगला’ने त्यांची बढती अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे 2008मध्ये निकाल लागला: शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने अहवाल दाखवण्याची पद्धत सुरू केली आणि निवेदनासाठी 15 दिवसांची मुदत ठेवली. खासगी कंपन्यांना हा निकाल लागू नाही. तिथे जे काही आहे ते कंपनीच्या पॉलिसीत.

आपली टेस्ट लीड आता काय करेल? ‘माझं रेटिंग किती?’ हा प्रश्न फुकट जातो, कारण ‘अजून फायनल नाही’ हे उत्तर तयार असतं आणि ते खरंही असतं. त्यापेक्षा नॉर्मलायझेशनची बैठक कधी आहे ते शोधायचं आणि त्याच्या आठवडाभर आधी छोटंसं उत्तर धाडायचं. मेलबद्दल आभार एका ओळीत. मग दोनच कामं, निकालासकट: ‘ऑक्टोबरच्या रिलीजमध्ये रिग्रेशन टेस्टिंग नऊ दिवसांवरून पाचवर आणलं; ग्राहकाच्या डिलिव्हरी हेडचा त्याबद्दलचा मेल सोबत जोडला आहे.’ आणि शेवटी एकच प्रश्न: ‘माझ्या लेव्हलच्या कोणत्या अपेक्षेत मी कमी पडले, त्याचं एखादं उदाहरण सांगाल का?’

या उत्तराचा पहिला उपयोग मॅनेजरलाच होतो. त्या खोलीत वाचून दाखवायला त्याच्याकडे दोन वाक्यं येतात. दुसरा उपयोग प्रश्नाच्या उत्तरातून होतो. ‘डिसेंबरमध्ये पेमेंट मॉड्यूलचा बग प्रॉडक्शनला गेला, तेव्हा ग्राहकाला तू नाही, मी कळवलं’ असं नेमकं उत्तर आलं, तर मामला गंभीर आहे, पण बोलायला विषय मिळाला. त्या बगमागचं कारण तिच्याकडे असेल, तर ते सांगायची हीच वेळ. ‘तसं विशेष काही नाही, जनरल लिहिलंय’ असं उत्तर आलं, तर मेल साच्यातला असेल किंवा तिचं नाव निव्वळ टक्केवारी भरायला खाली गेलं असेल. ‘जनरल’ हे उत्तर लेखी आलं असेल, तर ते जपून ठेवावं.

हे सगळं करूनही रेटिंग बदलेलच असं नाही. बैठकीनंतर आकडा फिरवायचा तर वरपर्यंत मंजुरी लागते, आणि एकाला वर घेतलं की दुसऱ्याला खाली आणावं लागतं. ती तसदी क्वचितच कुणी घेतं. अखेरीस पोर्टलवर रेटिंग झळकतं आणि खाली ‘Acknowledge’ असं बटण येतं. बऱ्याच ठिकाणी ते दाबणं म्हणजे रेटिंग मान्य करणं नसून फक्त ते वाचल्याची पोच असते, तरी कंपनीच्या पॉलिसीत तशी खात्री करून घ्यावी. रागाच्या भरात ते न दाबता महिनाभर बसणारे लोक असतात. त्याने रेटिंग हलत नाही. बटणाच्या वर शेऱ्याची चौकट मात्र असते, आणि बटण दाबलं की ती सहसा बंद होते. आपलं म्हणणं त्याआधी तिथे उतरवावं, तेही मेलमधल्याच शब्दांत: कोणतं काम केलं, निकाल काय लागला, कमतरतेचं उदाहरण कोणत्या तारखेला मागितलं आणि उत्तर काय आलं. वर्षभराने मॅनेजर बदललेला असू शकतो. नव्या माणसाला जुनी फाइल उघडल्यावर ती चौकट भरलेली दिसेल.