पीटीतून सूट मागताना
र्‍हुमॅटिक तापातून उठलेलं मूल धडधाकट दिसतं. सांध्यांची सूज उतरते; हृदयाच्या झडपांचा दाह मात्र बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ‘तब्येत बरी नाही’ एवढी चिठ्ठी पीटीच्या सरांना पटत नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं? असं लिहा:

‘सहावीतील माझ्या मुलीच्या हृदयाला र्‍हुमॅटिक तापामुळे सूज आली होती. डॉक्टरांच्या पुढील तपासणीपर्यंत तिला धावणे, कवायत व स्पर्धांतून सूट द्यावी. सावकाश चालण्यास हरकत नाही. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनच्या इंजेक्शनसाठी ती गैरहजर राहील. धाप लागल्यास किंवा घसा दुखल्यास लगेच कळवावे.’

घशाच्या संसर्गातूनच हा ताप उलटतो. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा. सूट संपली तरी इंजेक्शनं अनेक वर्षं चालतात, हेही शाळेला सांगा.